लाईव्ह अपडेटसाठी पोलिंग, लाँग पोलिंग की वेबसॉकेट?

ऑर्डरचं स्टेटस दाखवायचंय आणि १० सेकंद उशीर चालणार असेल तर सरळ साधं पोलिंग लावा, म्हणजे ब्राउझरने दर १० सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं; उगाच वेबसॉकेटच्या मागे लागू नका. मात्र १,००० टॅब उघडे असले की सेकंदाला १०० रिक्वेस्ट येतात आणि बहुतेकांचं उत्तर "काही नवीन नाही" एवढंच असतं.

लाँग पोलिंगमध्ये सर्व्हर नवीन काही येईपर्यंत रिक्वेस्ट धरून ठेवतो, पण मधे nginx असेल तर त्याचा `proxy_read_timeout` डिफॉल्ट 60 सेकंदांचा असतो, म्हणून ३० सेकंदांनी स्वतःच रिकामं उत्तर पाठवा, नाहीतर नेटवर्क टॅबमध्ये बरोबर मिनिटाला 504 दिसायला लागतो. आणि दोन रिक्वेस्टच्या मधे आलेला मेसेज हरवतो, त्यामुळे ब्राउझरने शेवटचा मिळालेला आयडी दरवेळी पाठवायलाच हवा.

चॅटसारखं दोन्हीकडून सतत बोलणं असेल तर वेबसॉकेटच. तिथेही तोच टाइमआउट लागतो, गप्प कनेक्शन 1006 कोड देऊन तुटतं. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधून पिंग फ्रेम पाठवताच येत नाही, तेव्हा दर ३० सेकंदांनी पिंग सर्व्हरकडूनच पाठवा, पाँग ब्राउझर आपोआप देतो. कनेक्शन तुटून परत जोडलं की इथेही शेवटचा आयडी पाठवायचा, ते काम वेबसॉकेट तुमच्यासाठी करत नाही.