अर्ज भरपूर, उमेदवार एकही नाही : जाहिरात कशी दुरुस्त केली

भोसरीतील आमच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज ढीगभर येत, पण बंद पडलेल्या मशीनचा दोष कसा शोधाल, याचे उत्तर कोणाकडेच नसे. पगार वाढवूनही वैतागाखेरीज काही हाती लागले नाही. नाकारलेला एक बायोडेटा पुन्हा वाचताना मशीन नियंत्रित करणाऱ्या पीएलसी या संगणकातील दोष शोधून प्रेस मशीन चालू केल्याची नोंद दिसली; उमेदवार डिप्लोमाधारक असल्याने जुन्या जाहिरातीतून उचललेल्या ‘बी.ई. अनिवार्य’ या अटीवर बाद झाला होता, आणि पीएलसीचा तर जाहिरातीत उल्लेखही नव्हता.

मग प्रथम शिफ्ट सुपरवायझरकडून प्रत्यक्ष कामे लिहून घेतली, पहिल्या दिवसापासून यायलाच हवीत तेवढीच अट म्हणून ठेवली, पदवीऐवजी स्वतः दुरुस्त केलेल्या एका बिघाडाचे वर्णन मागितले आणि नवी जाहिरात देण्याआधी बाद अर्ज याच निकषावर पुन्हा चाळले. मुलाखतीचे पहिले बोलावणे त्या डिप्लोमाधारकालाच गेले.