क्रिमिनल लॉचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय आणि जॉबही चालू आहे? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कलम 1 पासून वाचायला बसणं. कामावरून आल्यावर दीड तास मिळतो, त्यात पहिला आठवडा व्याख्यांतच जातो आणि खून, दरोडा वगैरे शेवटच्या दोन रात्रींवर येतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच सदोष मनुष्यवध, खून आणि खासगी बचाव घ्या, दुसऱ्यात चोरी ते दरोडा आणि कॉमन इंटेन्शन. उरलेलं तिसऱ्या आठवड्यात वरवर बघितलं तरी चालतं.

दुसरी चूक सीनियरच्या जुन्या नोट्सची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, सिलॅबस तिचा असेल आणि तुम्ही सवयीने खुनाला 302 लिहिलं तर संहितेत ते धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आहे, खुनाची शिक्षा 103 मध्ये आहे. नुसते नंबरच बदललेत असंही नाही, गंभीर दुखापतीतले 20 दिवस आता 15 झालेत. आधी सिलॅबस बघा (बॅकलॉगवाल्यांनी तर नक्कीच, तुमचा पेपर जुन्या आयपीसीवरही असू शकतो) आणि नोट्समधले नंबर पहिल्याच रविवारी पेनाने बदलून घ्या.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक, नुसतं वाचत राहणं. वाचताना सदोष मनुष्यवधाचं कलम 100 आणि खुनाचं 101 दोन्ही समजल्यासारखे वाटतात, पुस्तक मिटून दोघांतला फरक चार ओळीत लिहिता आला नाही तर समजायचं की झालेलं नाही. रोजच्या दीड तासातला शेवटचा अर्धा तास एक प्रॉब्लेम लिहायलाच ठेवा.

समजा प्रश्न असा आला, पार्किंगवरून अचानक भांडण झालं, अ ने तिथलंच दांडकं उचलून ब च्या डोक्यात एकच फटका मारला आणि तीन दिवसांनी ब वारला. बरेच जण हीच गोष्ट पुन्हा लिहून थेट "अ खुनी आहे" म्हणतात. तसं नको. आधी 100 घ्या, फटक्यानेच मृत्यू झाला का, हेतू होता की फक्त जाणीव. मग 101 चा तिसरा भाग, म्हणजे तीच जखम करायचा हेतू होता का आणि ती सामान्यतः मृत्यूला पुरेशी होती का, इथे विरसा सिंग (1958) लिहायचा. त्यानंतर अपवाद 4: पूर्वतयारी नाही, अचानक भांडण, एकच फटका, गैरफायदा किंवा क्रूरपणा नाही. तो लागला तर 105, नाहीतर 103. मार्क या पायऱ्यांना असतात, त्यामुळे शेवटचं उत्तर थोडं इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात नवीन टॉपिक मुख्य धरू नका, जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. सुट्टी फक्त शेवटच्या दोन दिवसांची न मागता एक दिवस दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घ्या आणि त्या दिवशी पूर्ण पेपर लिहा, म्हणजे कुठे अडतंय ते सुधारायला आठवडा हातात राहतो.