या चुका टाळा: डोमिसाइलच्या अर्जात अडवणारे चार शब्द

बारावीनंतरच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली की अनेक घरांत पहिला सरकारी अर्ज भरला जातो तो वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्राचा. बोलीभाषेत डोमिसाइल. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरी बसून भरता येतो, सेतू केंद्रातूनही भरता येतो. तो परत येतो तेव्हा कागद कमी पडलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा अर्जदार, पालक, अधिवास आणि साक्षांकन या चार शब्दांपैकी एखाद्याचा अर्थ चुकलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. मुलगी 17 वर्षांची. जन्म सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, सातवीपर्यंतची शाळाही तिथलीच. आठवीपासून ती सोलापूरला मामाकडे राहून शिकते. वडील तीन वर्षांपासून कामासाठी सुरतला, आई गावीच. अर्ज भरायला मामा बसले.

मामांनी अर्जदार म्हणून भाचीचं नाव टाकलं, कारण दाखला तिचा. इथेच पहिली गफलत झाली. अर्जदार म्हणजे जो अर्ज करतो, सही करतो आणि माहिती खोटी निघाली तर ज्याला जाब विचारला जातो तो. दाखला ज्याला मिळणार तो लाभार्थी. वय 18 पूर्ण असेल तर दोन्हीकडे एकच माणूस असतो आणि नात्याच्या रकान्यात ‘स्वतः’ येतं. इथे मुलगी अज्ञान आहे, म्हणजे कायद्याने सज्ञान नाही. त्यामुळे अर्जदार आई किंवा वडील, लाभार्थी मुलगी आणि नातं ‘मुलगी’. वय मोजायचं ते अर्ज दाखल करण्याच्या दिवशी. अठरावा वाढदिवस पुढच्या आठवड्यात असेल आणि घाई नसेल, तर थांबून तिच्याच नावाने अर्ज केलेला सोपा पडतो.

हीच चूक स्वयंघोषणापत्रात पुन्हा होते. तिथे ‘मी … यांचा मुलगा/मुलगी, वय …, व्यवसाय …, राहणार …’ असा मजकूर असतो. लोक त्यात मुलीचं नाव आणि वय लिहितात, खाली सही मात्र आईची. ‘मी’ म्हणजे सही करणारी व्यक्ती. आई सही करणार असेल तर नाव, वय, व्यवसाय सगळं आईचं आणि ‘यांची मुलगी’च्या जागी आईच्या वडिलांचं नाव. वाचायला विचित्र वाटतं, पण बरोबर तेच आहे.

आता पालक. मामांनी या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. त्यांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे: शाळेच्या रजिस्टरमध्ये पालक म्हणून त्यांचंच नाव आहे, पालकसभेला तेच जातात. पण शाळेतला पालक म्हणजे मुलाची रोजची जबाबदारी घेणारा माणूस आणि अशा अर्जातला पालक म्हणजे कायद्याने मुलाच्या वतीने सही करू शकणारा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असा क्रम आहे. या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतरच असा धरू नये, वडील प्रत्यक्षात पालकत्व निभावत नसतील तेव्हाही आई पालक असते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात स्पष्ट केलं. मामा, काका, आजी यांनी मूल कितीही वर्षं सांभाळलं तरी त्यांचं नाव इथे चालत नाही. त्यासाठी न्यायालयाने पालक नेमल्याचा आदेश किंवा तसाच कायदेशीर आधार लागतो. आपल्या उदाहरणात वडिलांना सुरतहून बोलावण्यापेक्षा गावी असलेल्या आईने अर्जदार व्हावं, हे सरळ. मामांनी अर्ज टाइप करून द्यायला काहीच हरकत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा अधिवासात होतो. मामांनी सोलापूरच्या तलाठ्याकडून रहिवासी दाखला आणून जोडला आणि अर्ज परत आला. रहिवासी दाखला सांगतो की ही व्यक्ती सध्या इथे राहते. अधिवास प्रमाणपत्रासाठी दाखवायचं असतं ते महाराष्ट्रातलं किमान 15 वर्षांचं वास्तव्य. ही वर्षं एकाच गावात काढलेली असायला हवीत असं नाही. सातारा आणि सोलापूर, दोन्ही ठिकाणची बेरीज होते. फक्त मध्ये खिंडार दिसता कामा नये.

या मुलीची बेरीज करून पाहू. पहिली शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रवेशाची तारीख असते. ती सहाव्या वर्षी शाळेत गेली. तिथून सातवीपर्यंत तो दाखला आणि आठवीपासून आजपर्यंत सोलापूरच्या शाळा-कॉलेजचे दाखले. झाली 11 वर्षं. उरली दोन ते सहा वर्षांच्या वयातली चार. तेव्हा ती कुठे होती हे शाळेचा कागद सांगणार नाही आणि जन्मदाखला फक्त जन्माचा दिवस व ठिकाण सांगतो. त्यासाठी जन्मगावच्या तलाठ्याचा दाखला लागतो. त्यात अमुक सालापासून अमुक सालापर्यंत कुटुंब इथे राहत होतं असा स्पष्ट उल्लेख हवा. त्या काळातल्या शिधापत्रिकेवर मुलीचं नाव असेल तर तीही सोबत जोडावी. ‘राहतात’ एवढंच लिहिलेला दाखला इथे निरुपयोगी. तलाठ्याकडे जाण्याआधी कागदावर वर्षांची अशी पट्टी मांडून घेतली तर कोणत्या वर्षांचा पुरावा मागायचा ते नेमकं सांगता येतं.

जाता जाता: कायद्याच्या काटेकोर अर्थाने भारतीय माणसाचा अधिवास एकच, भारतातला. राज्याचा वेगळा अधिवास नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984 च्या प्रदीप जैन प्रकरणात म्हटलं आहे. प्रवेशाच्या नियमांत मात्र हा शब्द ‘राज्यातलं कायमचं वास्तव्य’ याच अर्थाने रुळला आहे, आणि आपल्यालाही तोच अर्थ धरायचा आहे.

राहिलं साक्षांकन. प्रत मुळाबरहुकूम आहे याची सहीनिशी दिलेली ग्वाही. अर्जात ‘स्वयंसाक्षांकित’ लिहिलं असेल तर सही अर्जदाराची: झेरॉक्सवर ‘मूळ कागदाची खरी प्रत’ असं लिहून खाली सही, नाव आणि तारीख. सही मोकळ्या जागेत करावी, दाखल्याच्या शिक्क्यावर किंवा क्रमांकावर नको आणि मूळ कागदावर तर कधीच नको. अज्ञान मुलीच्या कागदांवर अर्जदार आईने सही करायची. ‘राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित’ अशी अट असेल तर मूळ कागद सोबत नेऊन त्यांची सही आणि शिक्का घ्यायचा. महाराष्ट्रात मार्च 2015 च्या शासन निर्णयाने बहुतेक शासकीय कामांसाठी स्वयंसाक्षांकित प्रती आणि स्वयंघोषणापत्र चालतात. तरी लोक सवयीने प्रत्येक प्रत नोटरीकडे नेतात आणि विनाकारण पैसे घालवतात. साक्षीदाराची सही हा आणखी वेगळा प्रकार: ‘यांनी माझ्यासमोर सही केली’ एवढंच तो सांगतो, कागद खरा आहे असं नाही.

अर्ज परत आलाच तर शेरा नीट वाचा. त्रुटी काढली असेल तर तेवढीच दुरुस्त करून त्याच अर्जात पूर्तता करता येते का ते आधी पाहावं, लगेच नवा अर्ज भरू नये. या दाखल्यासाठी लोकसेवा हक्क कायद्यानुसार 15 दिवसांची मुदत आहे. अर्ज फेटाळला गेला किंवा मुदत उलटून गेली, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. त्यासाठी अर्ज क्रमांक असलेली पोचपावती लागते, म्हणून ती पहिल्याच दिवशी जपून ठेवावी.