फंडिंग रेट बघून गर्दी कुठे आहे हे ठरवताना या चुका टाळा

दलाल स्ट्रीटवर जुने लोक शनिवारच्या बदल्याच्या सत्राबद्दल अजून बोलतात. शेअर घेतला आहे, पण पैसे भरून उचलायचा नाही, सौदा पुढच्या सेटलमेंटला ओढायचा आहे, तर तेजीवाला पैसे पुरवणाऱ्याला बदल्याचा दर द्यायचा. मंदीवाल्यांची विक्री फार झाली आणि द्यायला शेअरच मिळेनात, की उलटं व्हायचं. मंदीवाला शेअर असणाऱ्याला पैसे द्यायचा, त्याला उंधा बदला म्हणत. कोणत्या शेअरमध्ये कोण अडकून बसलंय, हे त्या दरावरून वाचलं जायचं. सेबीने जुलै २००१ मध्ये बदला बंद केला.

क्रिप्टोच्या पर्पेच्युअल फ्युचरमधला फंडिंग रेट याच जातीचा आहे. या कराराला एक्स्पायरीच नसते, त्यामुळे त्याची किंमत स्पॉटपासून, म्हणजे प्रत्यक्ष नाण्याच्या चालू भावापासून, सुटून जाऊ नये म्हणून ठरावीक वेळाने एक बाजू दुसऱ्या बाजूला पैसे देते. पर्पेच्युअल स्पॉटपेक्षा महाग असेल तर लाँगवाले, म्हणजे करार घेतलेले, शॉर्टवाल्यांना, म्हणजे करार विकलेल्यांना, देतात, स्वस्त असेल तर शॉर्टवाले लाँगवाल्यांना. बिटमेक्स या क्रिप्टो एक्स्चेंजने २०१६ मध्ये बिटकॉइनवर असा करार आणला आणि पुढे बाकीच्यांनी तीच पद्धत उचलली. बायनान्सच्या मोठ्या करारांत ही देवघेव दर आठ तासांनी होते, आपल्या घड्याळाने पहाटे ५.३०, दुपारी १.३० आणि रात्री ९.३० वाजता.

या दरावरून गर्दी ओळखता येते, पण काही चुका इतक्या सर्रास होतात की त्यांनी संकेताचा अर्थच उलटा लागतो.

‘लाँग जास्त आहेत’ असं समजणं

प्रत्येक लाँगसमोर एक शॉर्ट असतोच. करारांची संख्या दोन्हीकडे कायम सारखी असते, त्यामुळे फंडिंग डोकी मोजत नाही. सौद्यात राहण्याची जास्त गरज कोणाला आहे, एवढंच ते सांगतं. दर चढा असेल तर लाँगवाला पैसे मोजूनही जागा सोडायला तयार नाही, आणि समोरचा शॉर्टवाला बहुतेक वेळा मंदीवाला नसतोच. त्याने स्पॉट घेऊन ठेवलेलं असतं, पर्पेच्युअल विकलेलं असतं आणि भाव कुठेही गेला तरी तो फंडिंगचं उत्पन्न खातो. हा दुसरा माणूस डोळ्यांसमोर असला की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

०.०१ टक्क्याला तेजी समजणं

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते. ‘फंडिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे लाँगची गर्दी आहे’ असं लोक म्हणतात, आणि दर असतो ०.०१%. बायनान्सचं आठ तासांचं सूत्र बघा:

```
F = P + clamp(I − P, −0.05%, +0.05%)
I = 0.01%
```

`P` म्हणजे पर्पेच्युअलचा स्पॉट इंडेक्सच्या तुलनेतला सरासरी प्रीमियम. `I` हा व्याजाचा ठरलेला भाग. `clamp` दोघांतला फरक ०.०५ टक्क्यांच्या आत दाबून ठेवतो. आता आकडे घालून पाहू. प्रीमियम ०.०३% असेल तर दर निघतो ०.०१%. प्रीमियम उणे ०.०३% असेल, म्हणजे पर्पेच्युअल स्पॉटखाली मिळत असेल, तरीही दर ०.०१%च. उणे ०.०४ पासून अधिक ०.०६ पर्यंत प्रीमियम कुठेही फिरला तरी पडद्यावर तोच आकडा राहतो. म्हणून ०.०१% ही बाजाराची विश्रांतीची जागा आहे. ती वर्षाला सुमारे ११ टक्के होते, पण तिच्यातून गर्दीबद्दल काहीच कळत नाही.

आता दर शून्य दिसला तर? सूत्र उलटं सोडवलं की प्रीमियम उणे ०.०५% येतो. म्हणजे शून्याला ‘समतोल’ म्हणून सोडून द्यायचं नाही, तिथे विक्रीचा जोर आधीच दिसू लागलेला असतो. प्रीमियम ०.११% झाल्यावर दर ०.०६% होतो. लाँगकडच्या गर्दीचा विचार सुरू करायचा तो साधारण अशा आकड्यांपासून. काही मोजक्या करारांत व्याजाचा भाग शून्य ठेवलेला असतो, त्यामुळे कराराचा तपशील एकदा उघडून बघावा.

वेगवेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवणं

सगळे करार आठ तासांचे नसतात. बायनान्सवरच अनेक छोट्या नाण्यांची देवघेव चार तासांनी होते, हायपरलिक्विडवर तर दर तासाला. तिथे ०.००१२५% दिसलं तर ती तीच विश्रांतीची जागा आहे, कारण आठने गुणलं की ०.०१%च येतात. एका ठिकाणचा तासाचा आणि दुसरीकडचा आठ तासांचा आकडा तुलनेला घेतला, तर जिथे खरी गर्दी आहे तिथे शांतता दिसते. सगळं आठ तासांवर आणा, मगच तुलना करा.

स्वतः डेटा ओढत असाल तर आणखी एक खड्डा आहे.

```
https://fapi.binance.com/fapi/v1/fundingRate?symbol=ETHUSDT
```

इथे येणारा `fundingRate` अपूर्णांकात असतो. `0.00010000` म्हणजे ०.०१%. टक्का समजून वाचलात तर शंभरपटीने चुकाल. पडद्यावरचा चालू दर अजून ठरत असतो, हेही लक्षात असू द्या. तो त्या मुदतीतल्या प्रीमियमची सरासरी असल्यामुळे देवघेवीच्या क्षणापर्यंत हलतो. मी निष्कर्षासाठी पक्के झालेले शेवटचे सहा-नऊ दर बघतो, एकटा चालू आकडा नाही.

चढा दर दिसला की लगेच शॉर्ट करणं

२०२१ च्या सुरुवातीला बिटकॉइन २९ हजार डॉलरच्या आसपास होता आणि एप्रिलच्या मध्याला ६४ हजारांवर गेला. या काळात आठ तासांचा दर ०.१ टक्क्याच्या घरात अनेकदा गेला, म्हणजे नेहमीच्या दहापट. गर्दी होतीच, पण तिच्या डोक्यावरून भाव वर जात राहिला. फेब्रुवारीत गर्दी बघून शॉर्ट बसलेल्याला फंडिंग मिळत होतं, आणि भावातलं नुकसान त्याच्या कितीतरी पट होत होतं. शेवटी १८ एप्रिलला भाव काही तासांत ६० हजारांजवळून ५२ हजारांजवळ आला आणि लिव्हरेजवाल्यांचे सौदे लिक्विडेशनमध्ये धडाधड कापले गेले.

दर तारीख सांगत नाही, पण लाँगवाला किती तग धरू शकतो ते सांगतो. हिशेब सोपा आहे. १,००० डॉलर मार्जिनवर दहापट लिव्हरेजने १०,००० डॉलरचा सौदा घेतला आणि दर ०.१% असेल, तर दर आठ तासांना १० डॉलर जातात, कारण फंडिंग पूर्ण सौद्यावर लागतं. दिवसाला ३० डॉलर, म्हणजे मार्जिनच्या ३ टक्के. भाव वर जातोय तोवर हे जाणवत नाही. भाव आठवडाभर एका जागी थांबला की २१ टक्के मार्जिन झिजतं आणि लिक्विडेशनची किंमत जवळ सरकते. म्हणून चढा दर आणि थांबलेला भाव ही जोडी धोक्याची. सोबत ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून उघडे असलेले एकूण सौदे, बघायचा, पण नाण्यांत. डॉलरमधला ओपन इंटरेस्ट नुसता भाव वाढला तरी फुगतो.

उणे दराला ‘शॉर्ट फसलेत’ असं वाचणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम मायनिंग सोडून स्टेकिंगवर जाणार होतं, तेच मर्ज. १५ सप्टेंबरला, आपल्या दुपारी १२.१३ च्या सुमारास ते झालं. त्याआधीच्या दिवसांत इथरचा फंडिंग रेट खोल उणे गेला, आठ तासांना उणे ०.१ टक्क्याच्याही खाली. ओपन इंटरेस्टही भरलेला होता. पुस्तकी वाचन असं की शॉर्टची तुफान गर्दी आहे, जरा भाव वर गेला की सगळे धावत खरेदी करतील आणि शॉर्ट स्क्वीझ होईल. मी तसंच वाचलं आणि लाँग घेतला.

प्रत्यक्षात त्या शॉर्टमधला मोठा भाग मंदीवर पैज लावत नव्हता. काही मायनरांनी जुनी साखळी चालू ठेवायची घोषणा केली होती, आणि मर्जच्या वेळी ज्याच्याकडे खरा इथर असेल त्याला तिथलं नवं नाणं, इथरपीओडब्ल्यू, फुकट मिळणार होतं. पर्पेच्युअल धरणाऱ्याला ते मिळत नाही. मग लोकांनी काय केलं? समजा १,६०० डॉलरने १० इथर स्पॉटमध्ये घेतले आणि १० इथरचं पर्पेच्युअल विकलं. भाव कुठेही गेला तरी फरक पडत नाही, नवं नाणं मात्र पदरात पडतं. ते नाणं ४० डॉलरला विकलं जाईल असा अंदाज असेल, तर एका इथरमागे ४० डॉलरपर्यंत, म्हणजे अडीच टक्के फंडिंग भरूनही सौदा परवडतो. उणे दर म्हणजे त्या फुकटच्या नाण्याचं भाडं होतं.

असा माणूस भाव वाढला तरी घाबरत नाही. शॉर्टमध्ये जेवढं जाईल तेवढं त्याला स्पॉटमध्ये मिळतं. स्क्वीझला लागणारी घाबरट खरेदी तिथे नव्हतीच. मर्ज झाल्यावर त्याने दोन्ही पाय एकत्र सोडवले, म्हणजे पर्पेच्युअल विकत घेतलं आणि स्पॉट विकलं. दोघांतली तफावत मिटली, भावाला मात्र वर ढकलणारं काही उरलं नाही.

खुणा तेव्हाही समोर होत्या. बिटकॉइनच्या फंडिंगमध्ये असं काही घडत नव्हतं. सगळा बाजार मंदीत असता तर फक्त इथरच का? दुसरी खूण कर्जबाजारात होती. इथर उसने घेण्याची मागणी इतकी वाढली की आवे या क्रिप्टो कर्जाच्या प्लॅटफॉर्मच्या समुदायाने मर्जच्या आधी मतदान घेऊन इथरचं कर्ज देणं थांबवलं. खाली जाणार असं वाटणारी वस्तू उसनी घेऊन लोक विकतात, इथे मात्र ती स्वतःकडे धरून ठेवायला घेत होते. तिसरी खूण म्हणजे या सगळ्याला एक ठरलेली तारीख होती. गर्दी तारखेशी बांधलेली असेल, तर ती तारखेनंतर विरते.

मर्ज झाल्यावर पुढच्या काही देवघेवींत दर पुन्हा नेहमीच्या जागेकडे आला. भाव मर्जआधी १,६०० च्या आसपास होता, त्याच दिवशी १,५०० च्या खाली गेला आणि चार दिवसांनी १,३०० पर्यंत घसरला. ज्या शॉर्टवाल्यांना मी फसलेले समजत होतो, ते नवं नाणं घेऊन केव्हाच बाहेर पडले होते.