सारांश ८० शब्दांत असूनही 'मर्यादा ओलांडली' येत होतं, ते असं सुटलं
राधानगरी धरणावरचा उतारा, सारांश ८० शब्दांत हवा. हातानं मोजले तर ७६, पण पायथनचा कोड मर्यादा ओलांडली म्हणायचा. छाटत गेलो तर स्वयंचलित दरवाजांचा मुद्दाच उडाला, दोन दिवस नुसता वैताग.

कोडमधलं `\w+` काना-मात्रा, वेलांटी अक्षरात धरतच नाही, त्यामुळं 'कोल्हापूर'चे क, ल, ह, प, र असे पाच शब्द होतात. आधी मोजणी बदलली:

```
len(s.split())
```

(सुटा डॅश मात्र हा पण शब्द धरतोय, तो आधी काढा.)

मग सारांश झाकून उताऱ्याच्या प्रत्येक परिच्छेदाचा एक प्रश्न लिहिला, धरण कुठल्या नदीवर, दरवाजे कशानं उघडतात असे, आणि उतारा मिटून फक्त सारांशातनं उत्तरं शोधली. दरवाजांचं उत्तर मिळंना, ते वाक्य परत घातलं, परत मोजलं, ७४.