बचत खात्यावरील नावाची दुरुस्ती: बँकेला लिहिताना या चुका टाळा

रावपुऱ्यात राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका बाईंचा आयकराचा परतावा अडकला. विवरणपत्र वेळेवर भरलेले होते, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोडही बरोबर होता. परंतु आयकराच्या पोर्टलवर खात्याची पूर्वपडताळणी होताना पॅनवरील नाव आणि बँकेतील नाव जुळत नसल्याचा शेरा आला. खरे नाव न देता उदाहरणासाठी त्यांना आपण वासंती गोविंद वागळे म्हणू. दोन्ही ठिकाणच्या नोंदी अशा होत्या:

```
बँकेत:         VAGLE VASANTIBEN GOVINDBHAI
पॅन व आधारवर:  VASANTI GOVIND WAGLE
```

वडोदऱ्यातील मराठी घरांना यात नवल वाटणार नाही. इथे आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे, बाईच्या नावापुढे बेन आणि पुरुषाच्या नावापुढे भाई आदराने लागतो, आणि गुजराती लिहिणाऱ्याच्या हाताला ‘व’ म्हटले की व्हीच येतो. आपण मात्र वासंतीला व्ही आणि वागळ्यांना डब्ल्यू लावतो, आणि तसे का हे आपल्यालाही सांगता येत नाही. खाते उघडताना ज्याने अर्ज भरून दिला त्याने आपल्या सवयीने नाव लिहिले, बाईंनी खाली सही केली, आणि पुढे कित्येक वर्षे कोणाचेच काही अडले नाही. एनईएफटीने येणारी रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नावावर नव्हे. त्यामुळे अशी चूक दीर्घकाळ झाकलेली राहते. आता एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवणाऱ्याला लाभार्थ्याचे बँकेतील नाव आधी पाहता येण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून २०२५ पासून झाली आहे, आणि समोर भलतेच नाव दिसले की पाठवणारा हात आखडतो.

बाईंनी बँकेला ई-मेल पाठवला. त्यात एवढेच होते: “माझे नाव बदलून वासंती वागळे करावे.” शाखेने उत्तरादाखल राजपत्रातील अधिसूचना किंवा विवाह प्रमाणपत्र मागितले, आणि घरात एकच गोंधळ उडाला.

‘बदल’ आणि ‘दुरुस्ती’ यांची गल्लत

शाखेचे चुकले नव्हते. केवायसीच्या नियमांनुसार एखाद्याचे नाव ओळखपत्र मिळाल्यानंतर बदलले असेल, तर त्या जुन्या ओळखपत्रासोबत राज्य सरकारने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील अधिसूचना जोडावी लागते. ‘नाव बदलावे’ असे वाचल्यावर कर्मचाऱ्याने ती विनंती त्याच खान्यात टाकली. प्रत्यक्षात बाईंचे नाव कधीच बदललेले नव्हते. ते पहिल्यापासून तेच होते, फक्त बँकेत वेगळे टंकले गेले होते. म्हणून संदेशात ‘नाव बदलावे’ अशी मागणी मुळीच येऊ नये. ‘स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करणे’ असे लिहावे आणि त्याला लागूनच ‘माझ्या नावात कोणताही बदल झालेला नाही’ हे वाक्य घालावे. लग्नानंतर आडनाव खरोखर बदललेले असेल, तर मात्र हा मार्ग आपला नव्हे. तिथे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील अधिसूचना द्यावीच लागते.

दोष कोणाचा हे लिहितानाही जरा सांभाळावे. खाते उघडतानाचा अर्ज बँकेकडे जपलेला असतो. त्यात नाव बरोबर आणि संगणकात चुकीचे असेल, तर ती टंकनाची चूक ठरते आणि काम हलके होते. म्हणून ‘कृपया मूळ अर्जाशी पडताळून पाहावे’ अशी विनंती अवश्य करावी. परंतु अर्जातच बेन आणि भाई लिहिलेले असण्याची शक्यता असताना बँकेवर ठपका ठेवणारे कडक पत्र लिहिले, तर आपलीच सही असलेला अर्ज आपल्यापुढे ठेवला जातो.

कोणते स्पेलिंग खरे, हे आधी घरात ठरवावे

बँकेला लिहिण्यापूर्वी पॅन, आधार आणि पासबुकाचे पहिले पान शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवावे. पॅन आणि आधार एकमेकांशी जुळत असतील, तर त्याच स्पेलिंगची मागणी करावी. ती दोन्हीच वेगळी असतील, तर बँकेकडे जाण्याची घाई करू नये. आधी ती एकसारखी करून घ्यावीत, नाहीतर बँकेत आज एका कागदाप्रमाणे केलेली दुरुस्ती उद्या दुसऱ्या कागदाशी भांडते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येते, हे ध्यानात ठेवून ते काम विचारपूर्वक करावे.

पासबुकात शेवटची एक-दोन अक्षरे नुसती कापली गेली असतील, तर ती पुष्कळदा छपाईच्या रकान्यात न मावल्यामुळे कापलेली असतात आणि मूळ नोंद पूर्ण असते. नेट बँकिंगमधील प्रोफाइलमध्ये किंवा काउंटरवर मूळ नोंद पाहून मगच पत्राला हात घालावा.

चूक नेमकी दाखवली नाही, तर दुसरी चूक होते

वासंतीबाईंचे दुसरे पत्र पहिल्यापेक्षा बरे होते. त्यात त्यांनी ‘माझ्या नावात व्हीऐवजी डब्ल्यू हवा’ असे कळवले. संगणकावर बसलेल्या माणसाने ते इमानेइतबारे पाळले आणि नाव `WAGLE WASANTIBEN GOVINDBHAI` असे झाले. आडनाव सुधारले, नाव बिघडले, बेन आणि भाई जागच्या जागी राहिले! घरी हसून झाल्यावर तिसरे पत्र लिहावे लागले.

म्हणून चुकीचे वर्णन करण्याच्या भानगडीत न पडता संपूर्ण जुने नाव आणि संपूर्ण नवे नाव, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहावीत. बँकेच्या संगणकात पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव यांचे रकाने बहुधा वेगळे असतात, त्यामुळे कोणता शब्द कोणत्या रकान्यात जायचा हेही स्वतंत्रपणे सांगावे. आडनाव पहिल्या रकान्यात बसले, की सगळी अक्षरे बरोबर असूनही नाव जुळत नाही. असतील त्या सर्व चुका एकाच अर्जात मांडाव्यात.

अखेर ज्या पत्राने काम झाले, त्याचा मसुदा असा होता:

> विषय: बचत खात्यावरील नावाच्या स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करण्याबाबत (खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४८२१)
>
> मा. शाखा व्यवस्थापक यांस,
>
> आपल्या शाखेतील माझ्या वरील बचत खात्यावर माझे नाव माझ्या पॅन व आधारवरील नावाप्रमाणे नोंदलेले नाही.
>
> सध्याची नोंद: WAGLE WASANTIBEN GOVINDBHAI
> हवी असलेली नोंद: VASANTI GOVIND WAGLE
> (पहिले नाव VASANTI, मधले नाव GOVIND, आडनाव WAGLE)
>
> माझ्या नावात कोणताही बदल झालेला नाही. ही केवळ स्पेलिंगची व शब्दक्रमाची दुरुस्ती आहे. कृपया ती माझ्या ग्राहक क्रमांकाच्या मूळ नोंदीत करावी, जेणेकरून त्याखालील मुदत ठेवींनाही ती लागू होईल. पॅन व आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागदपत्रे घेऊन मी शाखेत येण्यास तयार आहे. आपला विहित अर्ज व सोयीची वेळ कळवावी.
>
> आपली विश्वासू,
> (स्वाक्षरी, नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक, दिनांक)

यातील ग्राहक क्रमांकाचे वाक्य वगळू नये. बँकेत प्रत्येक माणसाची एक मूळ नोंद असते आणि तिच्याखाली बचत खाते, मुदत ठेव, लॉकर अशा गोष्टी लटकलेल्या असतात. काही बँका त्या क्रमांकाला सीआयएफ म्हणतात. दुरुस्ती केवळ खात्याच्या शीर्षकात झाली आणि मूळ नोंद तशीच राहिली, तर पासबुक सुधारलेले दिसते, पण बाहेरून होणाऱ्या पडताळणीत जुनेच नाव डोके वर काढते.

भाषेविषयी थोडेसे. वडोदऱ्याच्या शाखेत मराठी वाचणारा भेटतोही, पण तुमचा कागद त्याच्याच टेबलावर जाईल असे नाही. मसुदा मराठीत तयार करून पत्र गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावे. सही मात्र बँकेत नमुना म्हणून दिलेली तीच करावी. नमुना मोडीसारख्या वळणदार मराठी सहीचा असेल, तर पत्र इंग्रजीत असले तरी सही तशीच हवी. नाव सुधारण्याच्या उत्साहात नव्या स्पेलिंगची नवी सही ठोकली, तर सही जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो.

ई-मेलमध्ये काय पाठवू नये

पत्र बँकेत नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावरूनच जावे; मुलाच्या किंवा भाच्याच्या पत्त्यावरून गेलेल्या विनंतीवर बँक काम करणार नाही, आणि करूही नये. ई-मेलमध्ये खात्याचे शेवटचे चार अंक पुरतात, पूर्ण क्रमांक शाखेत द्यायच्या कागदी अर्जावर लिहावा. आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली असावी. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून तशी प्रत उतरवून घेता येते. प्रत्येक प्रतीवर ‘केवळ खात्यावरील नावाच्या दुरुस्तीसाठी’ असे लिहून सही व तारीख घालावी. पिन, ओटीपी किंवा कार्डाच्या मागचे तीन अंक या कामाला कधीच लागत नाहीत. तुमचा ई-मेल गेल्यावर कोणी फोन करून ते मागू लागला, तर तो बँकेचा माणूस नव्हे.

नुसत्या ई-मेलवर नाव दुरुस्त होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. मूळ कागद पाहिल्याशिवाय शाखा सहसा नावाला हात लावत नाही. ई-मेलचा उपयोग असा, की विनंतीची तारीख नोंदली जाते आणि कोणता अर्ज भरायचा ते आधी कळते. शाखेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवावी. लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते आणि तिथे ही पोच व ई-मेलची तारीख उपयोगी पडते. आपला पहिला अर्ज ही विनंती असते, तक्रार नव्हे. विनंती रखडली तर बँकेकडे आधी स्वतंत्र तक्रार नोंदवावी आणि ३० दिवस तिथून मोजावेत.

‘झाले’ असा संदेश आल्यावर

वासंतीबाईंनी तिसऱ्या खेपेला पासबुक छापून घेतले, नेट बँकिंगमध्ये नाव पाहिले आणि मुदत ठेवीच्या पावतीवरचे नावही तपासले. पावतीवर जुनेच नाव होते, कारण ती दुरुस्तीपूर्वी छापलेली होती; ती परत देऊन नवी घेतली. डेबिट कार्डावरील छापील नाव आपोआप सुधारत नाही, त्यासाठी नवे कार्ड मागवावे लागते, आणि त्याचे शुल्क लागेल का हे आधी विचारलेले बरे. खाते क्रमांक तोच राहिल्यामुळे वीजबिलाच्या आणि विम्याच्या हप्त्याच्या सूचना मात्र होत्या तशाच चालू राहिल्या. त्यानंतर त्यांनी आयकराच्या पोर्टलवर खात्याची पूर्वपडताळणी पुन्हा केली, ती या वेळी पार पडली, आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती तिथेच नोंदवली.