आडवी टक्केवारी की उभी? सर्वेक्षणाचा तक्ता हाताने करताना या चुका टाळा

एका विद्यार्थिनीने केलेल्या, बीड जिल्ह्यातल्या एका गावाच्या सर्वेक्षणाचा अहवाल तपासत होतो. त्यातल्या एका वाक्यावर अडलो: ‘ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत ५३ टक्के अल्पभूधारक आहेत, म्हणजेच ऊसतोडीला जाण्याचं प्रमाण अल्पभूधारकांत सर्वांत जास्त आहे.’ वाक्याचा पहिला भाग बरोबर होता, दुसरा साफ चुकीचा. मोजणीत कुठेच चूक नव्हती. भागाकार कशाने करायचा, तिथे घोटाळा झाला होता.

तोच तक्ता इथे मांडतो. आकडे पद्धत कळावी म्हणून सोपे करून घेतले आहेत, ते कुठल्या गावाचे समजू नका.

| कुटुंबाची जमीन | ऊसतोडीला गेले | गेले नाहीत | एकूण |
|---|---|---|---|
| भूमिहीन | १८ | १२ | ३० |
| ५ एकरांपर्यंत | २४ | ५१ | ७५ |
| ५ एकरांपेक्षा जास्त | ३ | १२ | १५ |
| एकूण | ४५ | ७५ | १२० |

विद्यार्थिनीने ‘गेले’ हा उभा रकाना धरला आणि अल्पभूधारकांच्या, म्हणजे ५ एकरांपर्यंतच्या, २४ ला ४५ ने भागलं. आले ५३.३ टक्के. भूमिहीनांचे १८ भागिले ४५ म्हणजे ४० टक्के, मोठ्या शेतकऱ्यांचे ६.७. ही झाली उभी टक्केवारी. जे गेले ते कोण होते, एवढंच ती सांगते. तोडीच्या फडावर उभं राहून आजूबाजूच्या टोळीकडे पाहिलं, तर असंच चित्र दिसेल.

आता आडवं भागा. भूमिहीन ३० पैकी १८ गेले, म्हणजे ६० टक्के. पाच एकरांपर्यंतचे ७५ पैकी २४, म्हणजे ३२ टक्के. त्यावरचे १५ पैकी ३, म्हणजे २० टक्के. घर सोडून जावं लागण्याचं प्रमाण भूमिहीनांत अल्पभूधारकांच्या जवळपास दुप्पट निघालं.

मी तिला विचारलं, “अगं, टोळीत अल्पभूधारक जास्त का दिसतात?”

थोडा वेळ तक्त्याकडे पाहून ती म्हणाली, “सर, गावातच ते जास्त आहेत ना!”

नेमकं तेच. १२० पैकी ७५ कुटुंबं, म्हणजे ६२.५ टक्के, त्याच गटातली आहेत. गावात ६२.५ टक्के आणि टोळीत ५३.३ टक्के, म्हणजे गावातल्या वाट्याच्या मानाने ते टोळीत कमीच आहेत. भूमिहीन मात्र गावात २५ टक्के आणि टोळीत ४० टक्के. उभी टक्केवारी वापरायचीच असेल तर तिच्या शेजारी गावातला हा वाटा मांडा. नुसत्या ५३ वरून काहीच ठरत नाही.

कुठली टक्केवारी कधी काढायची, याचा साधा नियम असा: ज्या गोष्टीमुळे फरक पडतो असं आपल्याला वाटतं, तिच्या प्रत्येक गटाची बेरीज १०० धरायची. इथे जमिनीमुळे जाणं-न जाणं बदलतं का, हा प्रश्न आहे. म्हणून जमिनीच्या प्रत्येक गटाचे १०० करायचे आणि मग गटांची आपसात तुलना करायची. ‘आडवी’, ‘उभी’ हे शब्द पाठ करून उपयोग नाही, कारण कुणी जमीन वरच्या ओळीत लिहिली की सगळं उलटतं. तक्त्याखाली ‘१०० टक्के = त्या गटातली सर्व कुटुंबं’ असं स्पष्ट लिहा आणि गटाची संख्याही द्या. वाक्य लिहिताना ‘पैकी’ हा शब्द घाला. ‘भूमिहीनांपैकी ६० टक्के गेले’ आणि ‘गेलेल्यांपैकी ४० टक्के भूमिहीन’ ही वाक्यं एकमेकांत मिसळणं मग अवघड होतं. ‘भूमिहीन ऊसतोड कामगार ४० टक्के’ असं लिहिलंत, की वाचणारा हवा तो अर्थ काढतो.

हाच आडवा नियम एका ठिकाणी लागू पडत नाही, आणि तिकडे फारच कमी जणांचं लक्ष जातं. समजा, तुम्ही घरोघर गेलाच नाहीत. तोडीवरून आलेली ५० कुटुंबं आणि गावात राहिलेली ५० कुटुंबं अशी ठरवून निवडली. मग ‘भूमिहीनांपैकी इतके टक्के गेले’ हा आकडा काढताच येत नाही, कारण गेलेल्यांचा निम्मा वाटा गावाने ठरवलेला नसून तुम्ही ठरवलेला आहे. तिथे फक्त उभी टक्केवारी खरी. गेलेल्यांत भूमिहीन किती आणि राहिलेल्यांत किती, एवढीच तुलना करा.

मोजणीबद्दल थोडं. बहुतेक जण फॉर्मचा गठ्ठा समोर घेऊन ताळ्याच्या खुणा करत जातात, चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदणारी. एकाच प्रश्नाची वारंवारता सारणी करायला हे ठीक आहे. दुहेरी तक्त्याला मात्र सहा चौकटींत खुणा करताना एखादी शेजारच्या चौकटीत जाते आणि ती कुठल्या फॉर्मची, हे नंतर सापडत नाही. एकूण १२० जुळतात, पण आतले आकडे चुकलेले राहतात. त्यापेक्षा फॉर्मचेच ढीग करा: आधी जमिनीनुसार तीन, मग प्रत्येकाचे ‘गेले’ आणि ‘नाही’ असे दोन. ढीग पुन्हा चाळता येतो, चुकीचा फॉर्म डोळ्यांना दिसतो. मग जमिनीची आणि ऊसतोडीची साधी सारणी वेगळी, पुन्हा फॉर्मवरूनच करा आणि तक्त्याच्या बेरजा तिच्याशी ताडून पाहा. तक्त्यातूनच बेरीज उचलून सारणी केली, तर तपासणी झालीच नाही. गट करताना ‘२ ते ५’ आणि ‘५ ते १०’ असं लिहू नका. नेमकी पाच एकरवाली बरीच घरं निघतात आणि ती दोन्हीकडे बसतात.

एकक एकच ठेवा. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका घरातून दोन कोयते जाऊ शकतात. मुकादमाकडून मिळालेली कोयत्यांची संख्या कुटुंबांच्या बेरजेने भागली, तर टक्केवारी विनाकारण फुगते.

शेवटच्या गटात १५च कुटुंबं आहेत. तिथे एक घर इकडचं तिकडे झालं तरी टक्केवारी जवळपास सातने हलते. म्हणून ‘२० टक्के’ लिहिण्याऐवजी ‘१५ पैकी ३’ असंच लिहा.

आणि बंद घरं. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात हंगाम संपेपर्यंत कितीतरी घरांना कुलूप असतं. याच काळात सर्वेक्षण केलं, तर ज्यांना मोजायला तुम्ही निघालात, नेमके तेच निसटतात. समजा, यादीत १२८ घरं होती आणि ८ बंद होती. ती गुपचूप वगळून ४५ भागिले १२० म्हणजे ३७.५ टक्के लिहिलं जातं. त्याऐवजी दोन्ही टोकं काढा. बंद घरांतलं कुणीच ऊसतोडीला गेलं नसेल तर १२८ पैकी ४५, म्हणजे ३५.२ टक्के. सगळेच गेले असतील तर १२८ पैकी ५३, म्हणजे ४१.४ टक्के. अहवालात ‘३५ ते ४१ टक्क्यांच्या दरम्यान, ८ घरं बंद’ असं लिहा. शेजाऱ्यांना विचारलंत तर ही दरी आणखी कमी होईल, पण ते उत्तर शेजाऱ्याचं आहे अशी नोंद त्या फॉर्मवर करून ठेवा.